तोट्याच्या ओळीतले स्वल्पविराम

एका छोट्या कंपनीचे नफा-तोटा पत्रक एक्सेलमध्ये तयार आहे असे समजू. उत्पन्न १,८४,३६,२५० रुपये, खर्च २,२९,४८,६०० रुपये आणि तोटा ४५,१२,३५० रुपये. आकडे लाख-कोटीच्या गटांत दिसावेत म्हणून बरेच जण हा तयार साचा वापरतात:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00
```

कोटी किंवा जास्त असेल तर पहिला भाग, लाख किंवा जास्त असेल तर दुसरा, उरलेल्या सगळ्यांना तिसरा. उत्पन्न आणि खर्च छान दिसतात. तोट्याची ओळ मात्र -4,512,350.00 अशी उमटते. उणे संख्या लाखापेक्षा मोठी कशी असेल? ती तिसऱ्या भागात जाते, आणि तिथे स्वल्पविराम संगणकाच्या सेटिंगप्रमाणे, म्हणजे बहुधा तीन-तीन अंकांनी पडतात. एका साच्यात अशा दोनच अटी बसतात, त्यामुळे उणे लाख आणि उणे कोटींसाठी जागाच उरत नाही.

खरा उपाय साच्याबाहेर आहे. विंडोजच्या Region मध्ये Additional settings उघडून Digit grouping ला 12,34,56,789 हा पर्याय निवडला, की साधा साचाही लाख-कोटी दाखवतो:

```
"₹ "#,##0.00_);("₹ "#,##0.00)
```

अर्धविरामानंतरचा भाग उणे रकमेचा. हिशेबाच्या रीतीप्रमाणे ती कंसात येते. `_)` मुळे अधिक रकमेपुढे कंसाइतकी जागा मोकळी राहते आणि दशांशचिन्हे एका रेषेत येतात. ₹ हे चिन्ह प्रत्येक ओळीत नको. पहिल्या ओळीत आणि बेरजेत पुरे, नाहीतर आकड्यांवर नजर ठरत नाही. ही सेटिंग त्या संगणकाची असते, फाइलची नव्हे. परदेशातल्या भागीदाराच्या संगणकावर तीच फाइल मिलियनच्या गटांत उघडू शकते. त्याला पीडीएफ पाठवणे बरे.

पत्रक लाखांत मांडायचे असेल तर आणखी एक अडचण येते. साच्याच्या शेवटी स्वल्पविराम दिला तर एक्सेल हजाराने भागते, लाखाने भागणारे चिन्हच नाही. म्हणून भागाकार सूत्रातच करावा लागतो. आपले उत्पन्न तेव्हा १८४.३६ लाख दिसते, खर्च २२९.४९ आणि तोटा ४५.१२. पण छापील कागदावर वजाबाकी करणाऱ्याला उत्तर ४५.१३ मिळते! आत १८४.३६२५ आणि २२९.४८६ हेच आकडे आहेत, साच्याने फक्त त्यांचे दिसणे बदलले. हा ०.०१ म्हणजे एक हजार रुपये, आणि लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवणारच.

`=ROUND(B4/100000,2)` असे प्रत्येक ओळीला लावून मग वजाबाकी केली, तर तक्ता जुळतो, पण तोटा ४५.१३ होतो आणि ताळेबंदात मूळ रकमेवरून काढलेला तोटा ४५.१२ च राहतो. म्हणून पूर्णांकनाचा फरक एका ठरलेल्या ओळीत, बहुधा ‘इतर खर्चा’त, सामावून घेणे अधिक सोयीचे. इथे तो खर्च ०.०१ ने कमी दाखवला, की दोन्हीकडे ४५.१२ येते. कंपनी कायदा २०१३ ची तिसरी अनुसूची एकदा निवडलेले एकक सगळ्या वित्तीय पत्रकांत सारखेच ठेवायला सांगते, तेव्हा ‘रक्कम ₹ लाखांत’ हा मथळा प्रत्येक तक्त्यावर हवा.