मंगल परिणय : सहा महिने, तीन लाख आणि कर्ज नाही

बौद्ध विवाहाला मुहूर्त लागत नाही. तरीही आपली बरीच लग्ने भर लग्नसराईत किंवा रविवारी होतात आणि सभागृहाचे चढे भाडे आपण विनाकारण भरतो. म्हणून तारीख पक्की करण्याआधी मुहूर्त नसलेल्या मधल्या वारांचे दर विचारा. मात्र १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर आणि पौर्णिमा टाळा, कारण त्या दिवशी भन्तेजी आणि बौद्धाचार्य कार्यक्रमांत असतात. आषाढ ते आश्विन पौर्णिमा भिक्खूंचा वर्षावास असतो, त्या काळात बाहेरगावच्या लग्नाला त्यांना गृहीत धरू नका.

समजा, लग्न फेब्रुवारीतल्या एका बुधवारी आहे, पाहुणे ३०० आणि खर्च तीन लाख. दोन्ही घरे सप्टेंबरपासून दरमहा २५ हजार, म्हणजे मिळून ५० हजार बाजूला काढतात. खर्चाची वाटणी अशी : जेवण ९० हजार, सभागृह ६०, कपडे ५०, मंडप ३०, फोटो ३०, पत्रिका १० आणि राखीव ३० हजार.

सप्टेंबरात बौद्धाचार्यांशी बोलून तारीख ठरवा आणि सभागृहाला २० हजार आगाऊ द्या. वीज, साफसफाई, जनरेटरचे डिझेल भाड्यात आहे का आणि अनामत किती दिवसांत परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्या. ऑक्टोबरात आचारी व फोटोवाल्याला प्रत्येकी १० आणि मंडपवाल्याला ५ हजार द्या. डिसेंबरात कपडे आणि पत्रिका, जानेवारीअखेर सभागृहाचे उरलेले ४० हजार. इथवर जमा अडीच लाख, खर्च १ लाख ४५ हजार. हातात १ लाख ५ हजार उरतात, फेब्रुवारीचे ५० हजार त्यात येतील.

शेवटच्या महिन्यात १ लाख २५ हजार द्यायचे आहेत. जेवणाचे ५० हजार तीन दिवस आधी, पाहुण्यांचा अंतिम आकडा कळवताना द्या आणि ३० हजार जेवणानंतर. मंडपाचे २५ हजार आणि फोटोवाल्याचे १० हजार लग्नाच्या दिवशी, उरलेले १० हजार अल्बम हातात आल्यावर. काम पूर्ण होण्याआधी सगळे पैसे गेले, तर तक्रारीला वजन राहत नाही.

हिशेब बहुधा ताटांवर बिघडतो. तीनशे सांगितलेली ताटे बिलात साडेतीनशे होतात. दर ३०० रुपये असेल, तर राखीव रकमेतले १५ हजार तिथेच गेले. म्हणून ताटे आधी मोजून घ्या, संपल्यावर उरलेली मोजा आणि हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या.

दर महिन्याच्या शेवटी जमा आणि दिलेली रक्कम शेजारी लिहा. दिलेली रक्कम जमेच्या पुढे जाताना दिसली, तर सावकाराकडे जाण्याआधी पाहुण्यांची यादी आणि सजावट कमी करा.