प्रेसवरचा अपघात आणि वस्तुस्थितीचे निवेदन

कारखान्यात कामगार जखमी झाला की नुकसानभरपाईच्या अर्जात वस्तुस्थितीचे निवेदन द्यावे लागते. अपघात कसा घडला, तो कुणी पाहिला आणि त्या वेळी यंत्रावर सुरक्षेची काय व्यवस्था होती, हे त्यात क्रमाने लिहिलेले असते. मालकाचे वकील या निवेदनातल्या प्रत्येक वाक्याची उलटतपासणी घेतात. म्हणून ते लिहिण्याआधी मालकाची जबाबदारी कशावर ठरते आणि कशामुळे सुटते, हे माहीत असायला हवे.

ही जबाबदारी दीर्घकाळ १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने ठरत आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तिच्यात सामावला गेला. आधी घडलेल्या अपघातांना मात्र जुनाच कायदा लागतो, आणि या लेखातले उदाहरण २०२३ मधले आहे. इजा नोकरीच्या कामातून आणि काम चालू असताना झालेल्या अपघाताने झाली असेल, तर मालक भरपाई देण्यास बांधील असतो. त्याची चूक होती हे सिद्ध करण्याची गरज नसते. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नसेल, तर मालकाला तीन बचाव मिळतात: कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली होता, त्याने सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट आदेश किंवा केलेला स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले वा डावलले. या तिन्हींमध्ये साधा निष्काळजीपणा येत नाही. दमलेल्या माणसाचा हात चुकून पुढे गेला, एवढ्यावर भरपाई नाकारता येत नाही. बहुतेक वाद या ‘जाणूनबुजून’ शब्दाभोवतीच होतात आणि निवेदनाचा खरा कस तिथेच लागतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चाकण परिसरातल्या एका कारखान्यात यांत्रिक पॉवर प्रेसवर तीस वर्षांचा ऑपरेटर काम करतो. त्याचा पगार महिना २३,५०० रुपये आहे. पगाराचा आकडा इथे फार महत्त्वाचा ठरतो, कारण राज्य कामगार विमा योजनेची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे. तिच्या आत असलेल्या विमाधारक कामगाराला अपंगत्वाचा लाभ विमा महामंडळाकडून मिळतो आणि त्याच इजेसाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. हा ऑपरेटर मर्यादेबाहेर असल्यामुळे त्याचा दावा मालकावर आहे. निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात म्हणूनच कामाचे स्वरूप, नोकरीचा काळ, वय आणि पगार यावेत, आणि सोबत हजेरीपत्रक व पगारपावतीचा उल्लेख असावा. कामगार ठेकेदाराकडचा असेल, तर कुणाच्या जागेत आणि कुणाच्या कामासाठी तो राबत होता हेही याच ठिकाणी सांगावे. नाहीतर ठेकेदार आणि मूळ मालक एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.

पुढचा भाग क्रमाचा. पाळी दुपारी ३ ला सुरू झाली. सव्वासहाच्या सुमारास डाय बदलला. नवा पार्ट मोठा होता, तो आत जाईना, म्हणून सेटरने पुढचा गार्ड काढून बाजूला ठेवला. सुपरवायझरने उत्पादन सुरू करायला सांगितले. ७.४० ला पायडल एकदाच दाबलेले असताना रॅम दोनदा खाली आला. कामगारांच्या बोलीत याला डबल स्ट्रोक म्हणतात. ऑपरेटरने प्रेस थांबवून सुपरवायझरला सांगितले. मेंटेनन्सचा फिटर आला, त्याने क्लचची स्प्रिंग पाहिली, दोन-चार स्ट्रोक मारून बघितले आणि ८.०५ ला प्रेस पुन्हा चालू झाला. ९.२० ला ऑपरेटर तयार पार्ट डायमधून हाताने काढत होता. पाय पायडलवर नव्हता. रॅम आपोआप खाली आला आणि उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट मुळापासून तुटले.

एवढ्या लांबणीची गरज काय, असे एखाद्याला वाटेल. ‘प्रेसवर काम करताना बोटे कापली’ हे एक वाक्य खरेच आहे, पण त्याने दावा उभा राहत नाही. सव्वासहाला गार्ड कुणी काढला, ७.४० ला यंत्राने कोणता इशारा दिला, ८.०५ ला ते पुन्हा चालवायचे कुणी ठरवले, या तीन गोष्टी आल्याशिवाय ९.२० चा क्षण समजतच नाही. यांत्रिक प्रेसमध्ये फिरते फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट यांना क्लच जोडतो. एक स्ट्रोक पुरा झाला की क्लचने सुटायला हवे. त्याची चावी झिजली किंवा स्प्रिंग तुटली, तर तो सुटत नाही आणि पायडल न दाबता रॅम पुन्हा खाली येतो. आधीचा डबल स्ट्रोक नोंदवला नाही, तर मालकाला म्हणता येते की ऑपरेटरनेच हात आत असताना पायडल दाबले. तो नोंदवला, तर बिघाड आधीच कळला होता आणि तरीही काम चालवले, हे दिसते.

वेळा लिहिताना ज्या नोंदीतून मिळतात, त्यांचा उल्लेख करावा: उत्पादनाचे रजिस्टर, मेंटेनन्सची वही, गेटवरची नोंद, रुग्णालयात दाखल झाल्याची वेळ. नोंद नसेल तर ‘सुमारे’ हा शब्द लिहावा. कामगाराला आठवत नसलेली मिनिटे अचूक आकड्यात लिहिली आणि ती कागदाशी जुळली नाहीत, तर बाकीच्या खऱ्या भागावरही संशय येतो. रुग्णालयातला पहिला कागद विशेष काळजीने पाहावा. इजा कशी झाली हे डॉक्टर सोबत आलेल्या माणसाला विचारून लिहितात, आणि सोबत बहुधा कारखान्यातलाच कुणीतरी असतो. ‘घरी पडल्याने’ किंवा ‘दरवाज्यात अडकल्याने’ असे तिथे लिहिले गेले असेल, तर ते लपवू नये. त्या वेळी माहिती कुणी दिली आणि कामगार कोणत्या अवस्थेत होता, हे निवेदनातच स्पष्ट करावे. इस्पितळात पडलेल्या माणसाकडून कोऱ्या कागदावर सही घेतली गेली असेल, तर तीही बाब इथेच यावी.

साक्षीदारांच्या बाबतीत संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. उदाहरणातला हेल्पर प्रेसच्या डाव्या बाजूला चार-पाच फुटांवर पट्ट्या लावत होता. त्याने रॅम खाली येताना पाहिला, पण त्याला पायडल दिसत नव्हते. शेजारच्या प्रेसवरच्या ऑपरेटरने अपघात पाहिला नाही. त्याने ७.४० चा डबल स्ट्रोक ऐकला, सुपरवायझर आणि फिटर आलेले पाहिले, ओरडणे ऐकून तो धावला. फिटरने स्प्रिंग पाहिली होती. निवेदनात तिघांचीही नावे असावीत, पण प्रत्येकाच्या वाट्याला त्याने स्वतः पाहिलेले किंवा ऐकलेले तेवढेच ठेवावे. हेल्परच्या तोंडी ‘त्याचा पाय पायडलवर नव्हता’ हे वाक्य घातले, तर उलटतपासणीत ‘तुम्ही कुठे उभे होता?’ या एका प्रश्नाने ते कोसळते. सोबत त्याची बाकीची साक्षही जाते, जी खरी आणि उपयोगी होती. पाय कुठे होता हे सांगणारा एकटा जखमी कामगार आहे, हे मान्य करून चालावे. त्याच्या सांगण्याला यंत्राच्या बिघाडाची जोड मिळाली, तर तेवढे पुरते.

सहकाऱ्यांना नोकरीची भीती असते आणि ती खोटी नसते. म्हणून साक्षीला कागदांचा आधार लवकर उभा करावा लागतो. सीसीटीव्हीतले चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते जपून ठेवण्याची लेखी मागणी मालकाला अपघातानंतर ताबडतोब करावी आणि तिची तारीख निवेदनात घालावी. प्रेस दुरुस्त होण्याआधीचे छायाचित्र मिळाले, तर ते कुणी आणि कधी काढले हे लिहावे. गंभीर अपघाताची सूचना कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्यायची असते. निरीक्षकाने चौकशी केली असेल, तर त्याच्या अहवालाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते.

सुरक्षेचा भाग अनेक निवेदनांत सर्वात कच्चा असतो. ‘मालकाने सुरक्षेची कोणतीही काळजी घेतली नाही’ हे वाक्य वाचायला जोरदार वाटते, पण मालक हेल्मेट, बूट आणि हातमोज्यांच्या वाटपाच्या सह्या पुढे ठेवतो आणि ते खोटे ठरवतो. प्रश्न त्या प्रेसचा, त्या तासाचा असतो. रॅम आणि डाय यांच्यामध्ये हात जाऊ नये म्हणून गार्ड होता का? दोन्ही हातांनी दाबायची बटणे बसवलेली होती की पायडलवरच काम चाले? प्रकाशकिरण तुटताच प्रेस थांबवणारा सेन्सर होता का, आणि असल्यास तो चालू होता का? इथे एक तांत्रिक बारकावा आहे. जुन्या चावीच्या क्लचच्या प्रेसमध्ये एकदा सुरू झालेला स्ट्रोक मध्येच थांबत नाही, म्हणून अशा यंत्रावर नुसता सेन्सर लावणे पुरत नाही आणि हात आत जाऊच न देणारा गार्ड हाच मुख्य उपाय राहतो. पार्ट काढायला चिमटा, आकडा किंवा चुंबक दिला होता का, क्लचची शेवटची तपासणी कधी झाली, या गोष्टीही निवेदनात यायला हव्यात.

मालकाचा बचाव असाच येणार असतो की गार्ड ऑपरेटरने काढला. त्याला उत्तर विशेषणांनी देता येत नाही. गार्ड सेटरने काढला, कारण पार्ट आत जात नव्हता. सुपरवायझर तिथेच उभा होता. गार्ड पुन्हा न लावता काम सुरू करायला त्यानेच सांगितले. सव्वासहापासून ९.२० पर्यंत, तीन तासांहून अधिक काळ, तो भिंतीला टेकवून ठेवलेला सगळ्यांना दिसत होता. पार्ट हाताने काढण्याची पद्धत रोजची होती, तिच्याविरुद्ध लेखी नियम कुणाला वाचून दाखवला नव्हता. ही वाक्ये क्रमाने वाचणाऱ्याला ‘जाणूनबुजून’ हा आरोप टिकत नाही हे आपोआप कळते. आणि समजा काही दिवसांपूर्वी ऑपरेटरने खरोखरच एकदा स्वतः गार्ड काढला होता, तर तेही लिहावे. समोरून आलेल्या कागदातून ते बाहेर आले, तर निवेदनाची विश्वासार्हता जाते.

इजेचा परिच्छेद छोटा असतो, पण रक्कम त्यावर ठरते. एका हाताची दोन बोटे गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात मिळकतक्षमतेची हानी २० टक्के धरली आहे. भरपाईसाठी पगार कितीही असला, तरी २०२० पासून महिना १५,००० रुपयांपर्यंतच मोजला जातो. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तीस वर्षांच्या वयाचा गुणक २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. त्याचे २० टक्के, ३,७४,३६४ रुपये. देय झाल्यापासून महिन्याभरात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज लागते आणि योग्य कारण नसेल तर दंडही होतो. अपंगत्वाचे परिणाम मात्र केवळ टक्केवारीत लिहू नयेत. उजव्या हाताने काम करणारा प्रेस ऑपरेटर आता तो प्रेस चालवू शकतो का, त्याला कोणते काम जमते, हे लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबता या खटल्यात डावा हात कोपराच्या वर तुटलेल्या सुताराचे अपंगत्व पूर्ण मानले होते, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचा असतो आणि त्याआधी मालकाला शक्य तितक्या लवकर सूचना द्यायची असते. निवेदन कामगाराला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवल्यावरच त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. बिहार किंवा ओडिशातून आलेल्या कामगाराला मराठी मसुदा हिंदीत किंवा त्याच्या भाषेत कुणी समजावला, त्याचे नाव शेवटी लिहावे. स्वतःच्या माहितीचे परिच्छेद कोणते आणि इतरांकडून कळलेले कोणते, हे सत्यापनात वेगळे दाखवावे लागते. उदाहरणातल्या ऑपरेटरला क्लचची स्प्रिंग तुटली होती हे फिटरने नंतर सांगितले, म्हणून ते वाक्य दुसऱ्या गटात जाते.