नाव नवे, ओळख जुनी
आमच्या अंजनवेलच्या वीजप्रकल्पाची ‘दाभोळ पॉवर कंपनी’ ही पाटी उतरून २००५ साली ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ आली. लोकांच्या तोंडी मात्र तो आजही ‘एन्रॉन’च. औषधालयाचे नाव बदलतानाही रुग्ण जुन्याच नावाने शोधणार, हे आम्ही गृहीत धरतो. म्हणून गूगल नकाशावर नवी नोंद न करता जुन्या नोंदीतच नाव बदलावे, अभिप्राय टिकतात. इन्स्टाग्रामवरही त्याच खात्याचे नाव बदलल्यास अनुयायी राहतात, परंतु वेष्टनांवर छापलेला जुना पत्ता निकामी होतो. संकेतस्थळाचे प्रत्येक जुने पान त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ‘301’ पद्धतीने कायमचे वळवावे. सारी पाने मुखपृष्ठाकडे वळविल्यास गूगल ती हरवलीच असे मानते. हे वळण किमान वर्षभर ठेवावे. जुन्या डोमेनचे शुल्क आम्ही त्यानंतरही भरत राहू.