‘कधीतरी’ अटक झाली होती का?

निवड यादीत नाव लागलं की पेढे वाटले जातात. नेमणूक मात्र अजून व्हायची असते. त्याआधी उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतात आणि तो पोलिसांकडे जातो. ठाण्यातला हवालदार पत्ता तपासतो, शेजारीपाजारी विचारतो, गुन्ह्यांच्या नोंदी पाहतो. अहवाल नेमणूक करणाऱ्या खात्याकडे जातो आणि निर्णय ते खातं घेतं, पोलीस नव्हे.

बहुतेक जण फसतात ते नमुन्यातल्या एका रकान्यात. तिथं विचारलेलं असतं, ‘कधीतरी’ अटक, खटला, दंड झाला होता का, किंवा बंधपत्र घेतलं होतं का? उमेदवार उत्तर देतो आजचं. ‘सुटलो ना, मग नाही.’ गावच्या भांडणात चॅप्टर केस झालेली असली, तर ती कुणी केसमध्ये धरतच नाही. पोलिसांच्या वहीत मात्र ती असते आणि बंधपत्राचा प्रश्न नेमका तिलाच लागू पडतो.

दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबलच्या जागेसाठी १९९९ मध्ये एका तरुणानं अर्ज केला. भाडेकरूशी झालेल्या मारामारीचा खटला १९९८ मध्येच तडजोडीनं मिटून तो निर्दोष सुटला होता. अर्जात त्यानं ‘नाही’ लिहिलं. सगळ्या परीक्षा पार करून २००१ मध्ये साक्षांकन नमुना भरताना त्यानं स्वतःच हा खटला सांगितला. तरी कारणे दाखवा नोटीस आली आणि निवड रद्द झाली. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला: विशीतल्या पोराची चूक आहे, गुन्हाही फार गंभीर नाही.

पुढे अशा प्रकरणांत उलटसुलट निकाल येत गेले. अखेर २०१६ मध्ये ‘अवतार सिंग’ खटल्यात तीन न्यायमूर्तींनी चौकट आखली. लपवलेली गोष्ट किरकोळ असेल, म्हणजे लहान वयातल्या घोषणाबाजीसारखी, तर खातं ती माफ करू शकतं. अनेक प्रलंबित खटले जाणूनबुजून लपवले, तर तेवढ्यावरही नेमणूक रद्द होऊ शकते. जे नमुन्यात नेमकं विचारलंच नाही, ते सांगितलं नाही म्हणून लपवलं असं म्हणता येत नाही. नोकरीत कायम झालेल्याला काढायचं, तर आधी विभागीय चौकशी हवी.

खरं सांगितलं की नोकरी पक्की, असं मात्र नाही. मध्य प्रदेश पोलीस भरतीत एका उमेदवारानं खटला उघड केला होता, पुढे तो तडजोडीनं मिटलाही; तरी त्याला नाकारण्यात आलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. साक्षीदार फिरल्यामुळे किंवा तडजोडीनं सुटणं आणि निष्कलंक सुटणं यांत न्यायालयं फरक करतात, आणि पोलीस दलासाठी हा चाळणा अधिक बारीक असतो. माझ्या मते हे कठोर आहे, पण अनाकलनीय नाही.

म्हणून नोटीस आली, तर उत्तरासोबत निकालपत्राची प्रमाणित प्रत जोडावी. ‘निर्दोष’ एवढ्या एका शब्दानं भागत नाही. कोणत्या कारणानं सुटका झाली, हे खात्याला त्या प्रतीतच वाचायला मिळतं.