हृदयशूलावरील तीन औषधें

हृदयशूलाचा, म्हणजे डॉक्टर ज्याला अंजायना म्हणतात त्या विकाराचा रोगी ज्या घरांत आहे, तेथें औषधांच्या तीन निरनिराळ्या पट्ट्या बहुधा सांपडतात. एकीवर मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल असें नांव असतें, दुसरीवर ॲम्लोडिपिन, आणि तिसरीवर आयसोसॉर्बाइड. तिन्ही औषधें छातींतल्या कळेसाठीं दिलेलीं आहेत, एवढें घरच्या मंडळींना ठाऊक असतें. मग केव्हां तरी कोणी विचारतो, कीं दुखणें एक असतांना औषधें तीन कां? त्यांतलें एखादें सोडून दिलें तर काय बिघडेल? प्रश्न अगदीं रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर समजून न घेतां परस्पर गोळी बंद करणारास कधीं कधीं त्याची फार मोठी किंमत द्यावी लागते. तें उत्तर आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम ही कळ येते कशी, तें पाहूं. हृदय हा एक स्नायु आहे आणि त्यालाहि प्राणवायु लागतो. आपल्या मांडीचा स्नायु विश्रांतीच्या वेळीं रक्तांतील प्राणवायूचा थोडाच अंश घेतो. धांवण्याची वेळ आली, म्हणजे त्याच रक्तांतून अधिक ओढून घेतो. हृदयाला ही सवलत नाहीं. तें स्वस्थ असतांनाच आलेल्या रक्तांतील शेंकडा ७० च्या आसपास प्राणवायु काढून घेत असतें. तेव्हां त्याचें काम वाढलें, तर अधिक रक्त येणें हाच एक उपाय उरतो. ज्याच्या हृदयाच्या रोहिण्या आंतून अरुंद झाल्या आहेत, त्याला हें अधिक रक्त मिळत नाहीं. जमा तेवढीच राहते, खर्च मात्र वाढतो. आणि ही तूट म्हणजेच ती कळ.

हा खर्च मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असतो. हृदय मिनिटाला किती वेळां आणि किती जोरानें आकुंचन पावतें, ही पहिली. किती दाबाच्या विरुद्ध त्याला रक्त ढकलावें लागतें, ही दुसरी. आणि त्याचा कप्पा रक्तानें किती फुगलेला असतो, ही तिसरी. कारण फुगा जितका मोठा, तितका त्याच्या भिंतीवरचा ताण अधिक. आपल्या तीन औषधांपैकीं प्रत्येकाचा मुख्य रोख ह्या तिहींपैकीं निराळ्या गोष्टीवर आहे.

बीटा ब्लॉकर पहिल्या गोष्टीवर काम करतें. श्रम, भीति अथवा संताप ह्यांच्या वेळीं शरीरांत जो उत्तेजक रस सुटतो, त्याचा हृदयावरील परिणाम हें औषध अडवून धरतें. जेम्स ब्लॅक ह्या स्कॉटिश संशोधकानें १९६० नंतरच्या दशकांत प्रोप्रॅनोलॉल हें औषध सिद्ध केलें, तें एका साध्या विचारावरून: रोग्याच्या हृदयाला रक्ताचा पुरवठा वाढविणें कठीण असेल, तर त्याची गरजच कां कमी करूं नये? ह्या कार्याबद्दल १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यांना वांटा मिळाला. ह्या औषधाचा आणखी एक लाभ आहे. हृदयाचा डावा कप्पा आकुंचन पावतो, तेव्हां त्याच्या भिंतींतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. म्हणून त्या स्नायूला रक्त मिळतें तें बहुतेक दोन ठोक्यांमधल्या विश्रांतींत. ठोके कमी झाले, कीं ही विश्रांति लांबते आणि पोषणास अवधि मिळतो.

नायट्रेटची वाट निराळी. सर्वांत जुनें औषध हेंच. १८७९ सालीं विल्यम मरेल ह्या इंग्रज वैद्यानें नायट्रोग्लिसरिनचा हृदयशूलावरील उपयोग प्रसिद्ध केला. पुष्कळांची समजूत अशी, कीं हें औषध केवळ हृदयाच्या रोहिण्या रुंद करतें. तें कांहीं अंशीं खरें आहे, आणि रोहिणी आखडल्यामुळें येणाऱ्या कळेंत तें फार उपयोगी पडतें. पण त्याचा मोठा परिणाम दूर, सर्व शरीराच्या शिरांवर होतो. शिरा सैल पडतात, बरेंचसें रक्त तेथेंच सांठून राहतें, हृदयाकडे कमी परततें, आणि फुगलेला कप्पा लहान होतो. म्हणूनच जिभेखालीं गोळी ठेवतांना बसावें असें सांगतात. उभ्यानें घेतल्यास रक्त पायांकडे राहून घेरी येण्याचा संभव असतो.

ॲम्लोडिपिन दुसऱ्या गोष्टीकडे पाहतें. रोहिण्यांच्या भिंतींतील स्नायु आखडण्यासाठीं त्यांच्या पेशींत कॅल्शियम शिरावें लागतें. तो मार्ग हें औषध अरुंद करतें. त्यामुळें बारीक रोहिण्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, आणि हृदयाला कमी विरोधाशीं झगडावें लागतें. हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्याहि ह्यानें रुंदावतात. शरीरांतून अर्धें औषध निघून जाण्यास ३५ ते ५० तास लागतात. म्हणून दिवसांतून एक गोळी पुरते. परंतु त्याच कारणानें पूर्ण परिणाम दिसण्यास आठवडाभर लागतो. चालूं असलेली कळ थांबविण्यासाठीं ही गोळी घेणें व्यर्थ आहे.

आतां मुख्य मुद्दा. ह्या प्रत्येक औषधांत एक वैगुण्य आहे. बीटा ब्लॉकरनें ठोके मंदावले, म्हणजे कप्प्याला भरण्यास अधिक वेळ मिळतो. तो थोडा जास्त फुगतो, आणि मिळविलेल्या लाभांतला कांहीं भाग गमावला जातो. उलट नायट्रेटनें दाब उतरला, कीं शरीर घाबरून ठोके वाढवितें. ह्या दोघांना एकत्र दिलें, म्हणजे नायट्रेट फुगवटा आटोक्यांत ठेवतें आणि बीटा ब्लॉकर धांवत्या नाडीला लगाम घालतें. ॲम्लोडिपिनमुळें नाडी वाढलीच, तर तीहि बीटा ब्लॉकर आंवरतें. म्हणजे हीं औषधें एकमेकांची नुसती भर नव्हेत. तीं एकमेकांचे दोष झांकतात.

हें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. गिरगांवांत तिसऱ्या मजल्यावर राहणारे ६२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत असें समजा. स्वस्थ बसले असतां त्यांची नाडी ८४ आणि वरचा रक्तदाब १५० आहे. दुसरा मजला गांठतांना नाडी १२० होते, दाब १६० होतो, आणि कळ येते. डॉक्टर ह्या दोन आंकड्यांचा गुणाकार करतात: १९,२००. एकाच रोग्याला कळ बहुधा ह्याच आंकड्याच्या आसपास येते; ती त्याच्या जमेची मर्यादा होय. त्यांना मेटोप्रोलॉलची संथपणें विरघळणारी ५० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. दोन आठवड्यांनीं स्वस्थ असतांना नाडी ६० वर आली. त्याच दुसऱ्या मजल्यावर आतां नाडी ९८ आणि दाब १४५, गुणाकार १४,२१०. गृहस्थ कळेवांचून घरीं पोंचले.

तथापि जेवणानंतर पिशवी घेऊन चढ चढतांना नाडी ११२ आणि दाब १६८ होतो, गुणाकार १८,८१६. मर्यादा जवळ आली आणि कळ डोकावूं लागली. नाडी आतां पुरेशी खालीं आहे. अतिरिक्त आहे तो दाब. म्हणून येथें ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम जोडणें सयुक्तिक. दाब १४५ वर आला, तर त्याच चढावर गुणाकार १६,२४० होतो. इतकें करूनहि आठवड्यांतून दोनतीन वेळां कळ राहिली, तर दीर्घकाल टिकणारें नायट्रेट. ह्या गुणाकारांत हृदयाचा आकार धरलेला नाहीं. तो लहान झाल्यामुळें तेवढ्याच आंकड्याला हृदय अधिक वेळ टिकाव धरतें. आरंभ कोठून करावयाचा, हें मात्र रोग्यावर अवलंबून. नाडी मुळांतच ५२ असेल किंवा दमा असेल, तर बीटा ब्लॉकरऐवजीं ॲम्लोडिपिन आधीं. दाब १०० च्या आसपास असेल, तर ॲम्लोडिपिन आणि नायट्रेट दोन्ही जपून.

नायट्रेटच्या बाबतींत एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. रात्रंदिवस दिल्यास शरीर त्याला सरावतें आणि तें निष्फळ होतें. म्हणून आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटची साधी गोळी सकाळीं ८ आणि दुपारीं ३ वाजतां देतात, आणि रात्रीचे दहा-बारा तास मोकळे ठेवतात. दोन गोळ्यांत बारा तासांचें अंतर असलें पाहिजे, अशा समजुतीनें दुसरी गोळी रात्रीं आठाला घेणारा मनुष्य औषधाचा गुणच घालवीत असतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास, आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास, नायट्रेट घेऊं नये. रक्तदाब एकाएकीं जीवघेण्या प्रमाणांत कोसळतो. ही गोष्ट संकोचानें डॉक्टरांपासून लपवूं नये.

आणखी दोन धोके आहेत. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल हीं ॲम्लोडिपिनचींच भावंडें. पण तीं हृदयाचे ठोकेहि मंदावतात. बीटा ब्लॉकरबरोबर तीं घेतलीं, तर नाडी धोक्याच्या पातळीपर्यंत उतरूं शकते. व्हेरापामिलसह तर ही जोडी टाळतातच. घेरी, डोळ्यांपुढें अंधारी आणि नाडी ५० च्या खालीं, हीं तिचीं लक्षणें. दुसरा धोका बीटा ब्लॉकर एकदम सोडण्याचा. अडविलेल्या उत्तेजक रसाला हृदय मधल्या काळांत अधिक संवेदनशील झालेलें असतें. बांध अकस्मात् फुटला, तर कळ वाढते, क्वचित् हृदयविकाराचा झटकाहि येतो. बंद करणें असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें एकदोन आठवड्यांत मात्रा उतरवीत न्यावी. ॲम्लोडिपिननें घोट्याशीं सूज आली, तर तीहि त्यांना दाखवावी. ती बहुधा औषधाचीच असते, मात्रा कमी केल्यानें उतरते, आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनीं फारशी हटत नाहीं.

हीं तिन्ही औषधें हृदयाचा जमाखर्च जुळवितात. अरुंद रोहिणी त्यांनीं मोकळी होत नाहीं. रोहिणींत गुठळी होऊं नये, म्हणून दिलेलीं ॲस्पिरिन व स्टॅटिन कळ थांबली तरी चालूं ठेवावीं लागतात. आणि कळ नेहमींच्या श्रमाविना आली, किंवा बसून जिभेखालीं एक गोळी घेतल्यावर पांच मिनिटांत शमली नाहीं, तर जमाखर्चाचा विचार बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तेथें प्रश्न तुटीचा नसून, वाहिनीच बंद पडण्याचा असूं शकतो.