गंधकावर अडवलेली ऊर्जा

कोपनहेगनमधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ आयनार लुंड्सगार्ड १९३० च्या सुमारास बेडकांना आयोडोअ‍ॅसिटेट नावाचं रसायन टोचून पाहत होते. स्नायू आकुंचन पावतो तो लॅक्टिक आम्लामुळे, असं तेव्हा सगळे धरून चालले होते. पण आयोडोअ‍ॅसिटेट दिलेल्या बेडकांचे स्नायू काही काळ नीट आकुंचन पावत राहिले आणि मग लाकडासारखे ताठ झाले. तपासलं तर लॅक्टिक आम्लाचा पत्ता नाही. लॅक्टिक आम्लाच्या सिद्धांताला त्याने मोठा धक्का बसला. आपल्याला मात्र इथे दुसराच प्रश्न घ्यायचा आहे : त्या रसायनाने पेशीत नेमका घाव घातला कुठे?

साखरेचं विघटन, म्हणजे ग्लायकोलिसिस, दहा पायऱ्यांत होतं. घाव बसला सहाव्या पायरीवर. तिथलं काम करणाऱ्या विकराचं नाव आहे ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज. एवढं लांबलचक नाव प्रयोगशाळेतही कुणी घेत नाही, तेव्हा आपणही जीएपीडीएच म्हणू.

या पायरीपर्यंत पेशीच्या पदरात काहीच पडलेलं नसतं. उलट ग्लुकोजच्या एका रेणूमागे पदरचे दोन एटीपी खर्ची पडलेले असतात. सहा कार्बनच्या साखरेचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे झालेले असतात आणि प्रत्येकाच्या एका टोकाला फॉस्फेट, तर दुसऱ्या टोकाला अल्डिहाइडचा गट असतो. या अल्डिहाइडचं ऑक्सिडीकरण होऊन आम्ल बनणं हा उताराचा प्रवास आहे. मोलमागे साधारण ४३ किलोज्यूल ऊर्जा त्यात मोकळी होते. हेच परीक्षानळीत घडलं तर ती सगळी उष्णता होऊन निघून जाईल. पेशीला उष्णतेचा उपयोग नाही, तिला एटीपी हवा असतो. त्यासाठी आधी त्या आम्लाला एक फॉस्फेट असं जोडावं लागतं की ते पुढे सहज दुसऱ्याला देता येईल. ही जोडणी चढाची आहे, तिला सुमारे ४९ किलोज्यूल लागतात.

विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली असेल त्यांना यातली युक्ती लगेच कळेल. बैल धावेवरून उतारावर चालतात आणि मोट पाण्यासकट वर येते. दोन्ही एकाच वेळी घडतं, कारण मधे नाडा असतो. जीएपीडीएचमध्ये नाड्याचं काम करतो गंधकाचा एक अणू.

या विकराच्या कार्यस्थळी सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्याच्या टोकाला गंधक असतो आणि शेजारचं हिस्टिडीन त्याचा हायड्रोजन ओढून घेऊन त्याला अधिक आक्रमक बनवतं. साखरेचा तुकडा आत आला की हा गंधक अल्डिहाइडच्या कार्बनवर हल्ला करून त्याला चिकटतो. आता तो तुकडा विकराला पक्का बांधला गेला. शेजारीच एनएडी हा रेणू बसलेला असतो (शरीर तो नायसिन या जीवनसत्त्वापासून बनवतं). कार्बनवरचा हायड्रोजन आपल्या दोन इलेक्ट्रॉनांसकट एनएडीकडे जातो. झालं ऑक्सिडीकरण. पण त्यातून सुटं आम्ल तयार होत नाही. कार्बन अजून गंधकालाच बांधलेला असतो आणि त्या दोघांमधला बंध, म्हणजे थायोइस्टर, ऊर्जेने भरलेला असतो. जी ऊर्जा उष्णता होऊन जायची, ती इथे अडली.

सगळी मेख या अडवण्यात आहे. एकदा का सुटं आम्ल तयार झालं, की त्याला फॉस्फेट जोडणं जवळपास अशक्य, कारण आम्ल हा खाली पोचून निवांत झालेला रेणू. थायोइस्टर मात्र अजून वरच असतो. हायड्रोजन घेतलेला एनएडी निघून जातो, त्याच्या जागी नवा कोरा येतो आणि मग पेशीतल्या द्रवात मोकळा फिरणारा एक फॉस्फेट गंधकाला बाजूला सारून त्या कार्बनला जोडला जातो. हे फॉस्फेट एटीपीतून आलेलं नाही, पेशीला ते फुकट मिळालेलं आहे. पुढच्याच पायरीवर दुसरा विकर ते उचलून एडीपीला देतो आणि एटीपी तयार होतो. श्वसनसाखळी नाही, प्राणवायू नाही. फॉस्फेट एका रेणूवरून थेट दुसऱ्यावर जातं. सब्स्ट्रेट पातळीवरचं फॉस्फोरिलेशन म्हणतात ते हेच.

हिशेब पाहिला तर सहावी पायरी एकटी अजून थोडी चढाचीच आहे, सुमारे ६ किलोज्यूलनी. तिला ओढून नेते ती सातवी, कारण एटीपी बनवूनही तिच्यात १८ किलोज्यूलच्या आसपास उरतात. दोन्ही मिळून उतार.

गंधकाचा हा भाग उघडकीला आणला एफ्रेम रॅकर आणि इसिडोर क्रिम्स्की यांनी, १९५२ मध्ये. त्याआधी १९३९ मध्ये ओटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत यीस्टमधला हा विकर स्फटिकरूपात वेगळा झाला होता. गंमत अशी की गंधक ओळखला तो बरोबर, पण तो विकराला चिकटलेल्या ग्लुटाथायोन या रेणूचा असावा असं रॅकर यांना आधी वाटलं. तो विकराच्या स्वतःच्याच सिस्टीनचा आहे हे नंतर ठरलं. लुंड्सगार्ड यांच्या बेडकांचं कोडंही इथेच सुटतं. आयोडोअ‍ॅसिटेट त्या आक्रमक गंधकाला कायमचं जाऊन चिकटतं. मग साखरेच्या तुकड्याला बांधून घ्यायला जागाच उरत नाही, लॅक्टिक आम्लापर्यंत काही पोचत नाही आणि राखीव साठा संपला की एटीपीअभावी स्नायू ताठरतो.

दुसरं एक विष याहून बेरकी आहे. आर्सेनेट, म्हणजे सोमलाचंच एक रूप. त्याचा आकार आणि भार फॉस्फेटसारखा असल्यामुळे विकर फसतो आणि फॉस्फेटच्या जागी त्यालाच जोडतो. पण हा जोड पाण्यात क्षणभरही टिकत नाही. तो आपोआप तुटतो आणि उरतं साधं ३-फॉस्फोग्लिसरेट, म्हणजे जे एरवी सातव्या पायरीनंतर मिळायचं तेच. बैल चालताहेत, नाडा शाबूत आहे, मोट वर येतेही, पण थारोळ्यात रिती होण्याआधीच गळून गेलेली. साखरेचं विघटन थांबत नाही, म्हणून वरवर पाहता काही बिघडलंय असं वाटतही नाही. हिशेब मांडला की कळतं. एरवी एका ग्लुकोजमागे सुरुवातीला दोन एटीपी खर्च होतात, सातव्या पायरीवर दोन मिळतात आणि दहाव्यावर आणखी दोन, म्हणजे निव्वळ कमाई दोन. आर्सेनेटने सातवीवरचे दोन बुडाले की उरतं शून्य. तांबड्या रक्तपेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, तिचा सगळा गुजारा ग्लायकोलिसिसवर. तिच्यासाठी हे शून्य फार महागात पडतं.

विष काहीही नसलं तरी ही पायरी अडू शकते, एनएडी संपल्यामुळे. पेशीत तो थोडाच असतो आणि हायड्रोजन घेतलेला एनएडी रिकामा होऊन परतला नाही तर सहावी पायरी जागीच थांबते. जोरात धावताना स्नायूत लॅक्टिक आम्ल बनतं ते याचसाठी : पायरुवेटवर हायड्रोजन उतरवून एनएडी मोकळा करायचा. यीस्ट हेच काम अल्कोहोल बनवून करतं.

प्रयोगशाळेत या विकराचा वेग मोजणं सोपं आहे. हायड्रोजन घेतलेला एनएडी ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो, कोरा एनएडी शोषत नाही, त्यामुळे यंत्रावरचा आकडा चढतो तसा विकर चालतोय हे दिसतं. अडचण एवढीच, की पायरी चढाची असल्यामुळे खरं उत्पादन साचलं की अभिक्रिया थोड्या वेळात समतोलाला येऊन थबकते. यावर जुन्या पद्धतीत एक तोडगा होता : नळीत फॉस्फेटऐवजी आर्सेनेट घालायचं. तयार होताच तुटणारं उत्पादन साचत नाही आणि आकडा चढत राहतो.