रक्त कमी, पेशी मात्र मोठ्या

१९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या ॲनिमियाचं कारण त्यांना शोधायचं होतं. लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या बायकांच्या पेशी संख्येने कमी होत्या, पण आकाराने अवाढव्य होत्या. जेवणात भाजीपाला आणि फळं जवळपास नसल्याचं विल्स यांनी टिपून ठेवलं. पुढे मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर या रोगी बायकांचं रक्त भराभर सुधारलं. त्या अर्कात काय होतं ते कळायला आणखी दहा-पंधरा वर्षं लागली. ते होतं फॉलिक ॲसिड.

पण पेशी मोठ्या का होतात?

आपल्या हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात. प्रत्येक विभाजनाआधी पेशीला आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते. डीएनए चार घटकांचा बनतो. त्यांतला थायमिन हा घटक पेशी जागच्या जागी घडवते, युरॅसिलला कार्बनचा एक छोटा तुकडा जोडून. तो तुकडा आणून देणारा हमाल म्हणजे फोलेट. फोलेटच नसेल तर थायमिन अपुरं पडतं आणि त्याच्या जागी युरॅसिलच डीएनएत शिरतं. पेशी ते ओळखून कापून काढते, पण तिथे बसवायला पुन्हा युरॅसिलच हाती लागतं. असं कापून जोडताना धागा तुटत जातो आणि विभाजन अडतं. हिमोग्लोबिन बनवण्याचं काम मात्र थांबत नाही. त्याला लागणारा संदेश आरएनएचा असतो, आणि आरएनएला युरॅसिलच चालतं. म्हणून पेशीचं अंग वाढत राहतं, केंद्रक कच्चंच राहतं. अशा कितीतरी पेशी मगजातच मरतात. फुटलेल्या पेशींमुळे रक्तात एलडीएच आणि बिलिरुबिन वाढतं, आणि रोगी फिकटच नव्हे तर किंचित पिवळाही दिसतो.

मग बी १२ चा इथे काय संबंध? शरीरातलं फोलेट एका टप्प्यावर मिथाइल गट घेऊन फिरतं, आणि तो गट उतरवून घ्यायला बी १२ लागतं. ते नसेल तर हा हमाल आपल्या ओझ्याखालीच अडकतो. रक्तात फोलेट भरपूर असलं तरी पेशीच्या कामाचं उरत नाही. म्हणूनच दोन्ही कमतरतांमध्ये मगजाचं चित्र सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखं दिसतं.

समजा, पंचावन्न वर्षांचे एक शाकाहारी गृहस्थ आहेत. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतात, आणि त्या गोळीने बी १२ चं शोषण कमी होऊ शकतं. दम लागतो, जीभ गुळगुळीत झालीय, पायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. सीबीसीत हिमोग्लोबिन ७ आणि पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ११८ आहे. हा आकडा साधारण ८० ते १०० असतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी आहेत, कारण त्याही त्याच मगजातून येतात. स्मिअरमध्ये काही पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला सहा पाळ्या दिसतात. निदान जवळपास इथेच होतं. आपल्याकडे एक अडचण वरचेवर येते: सोबत लोहही कमी असलं तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी साधारण निघते आणि एमसीव्ही फसवतो. अशा वेळी स्मिअर पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरच भिस्त असते.

आता या गृहस्थांना कुणी नुसती फॉलिक ॲसिडची गोळी दिली तर? हिमोग्लोबिन वाढेल, सगळ्यांना बरं वाटेल. ताज्या फॉलिक ॲसिडवर मिथाइलचं ओझं नसतं, त्यामुळे अडलेला डीएनए पुढे सरकतो. पण मज्जारज्जू आणि नसांना बी १२ स्वतंत्रपणे लागतं, आणि तिथली झीज आतल्या आत चालूच राहते. मला या आजारातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच वाटते, कारण रक्ताचा रिपोर्ट सुधारत असताना माणूस अधू होत जातो. त्यामुळे आधी बी १२ तपासायचं, आणि कमी असेल तर तेच आधी द्यायचं.

बी १२ चा यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, फोलेटचा जेमतेम चार महिने. गरोदरपणात किंवा पोटाच्या आजारात फोलेट चटकन संपतं ते त्यामुळे, आणि बी १२ ची कमतरता इतकी हळू येते की माणूस तिला वय समजतो.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर आठवड्याभरात नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची लाट रक्तात दिसते. त्या पेशी पोटॅशियम ओढून घेतात, म्हणून ॲनिमिया तीव्र असेल तर सुरुवातीच्या दिवसांत त्यावर लक्ष ठेवावं लागतं. हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत पूर्ववत होतं. मुंग्या नव्या असतील तर काही महिन्यांत जातात. जुन्या असतील तर त्यांतल्या काही कायमच्या राहतात.